डेअरीच्या दीडशे एएच बॅटरीला चार्जर किती अँपिअरचा घ्यावा: १०, १५ की २०?

गावातल्या दूध संकलन केंद्रावर बॅटरीची परीक्षा दिवसातून दोनदा होते, तीही ठरलेल्या वेळी. सकाळी धारा काढून लोक किटल्या घेऊन येतात तेव्हा आणि पुन्हा दिवेलागणीला. नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर वजनकाटा, फॅट मशीन, कॉम्प्युटर, प्रिंटर, दोन ट्यूब आणि एक पंखा हे सगळं बॅटरीवर येतं. त्यामुळे सकाळी रिकामी झालेली बॅटरी संध्याकाळच्या संकलनाआधी भरते का, हा इथला खरा प्रश्न. भूम-परांडा भागात नवीन इन्व्हर्टर घेताना किंवा जुन्याचा चार्जर बदलताना बहुतेक जण एवढंच म्हणतात, “भाऊ, २० अँपिअरचा द्या, लवकर भरल.” लवकर भरते हे खरं आहे. पण किती लवकर, ते आधी मांडून बघा आणि मग ठरवा.

आधी बॅटरीतून किती जातं ते पाहू. वरचा सगळा लोड साधारण २५० वॅट धरू. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे २९५ वॅट निघतात. १२ व्होल्टने भागलं की साडेचोवीस अँपिअर. अडीच तास लाईट नसली तर ६० एएच गेले. म्हणजे दीडशे एएचची बॅटरी चाळीस टक्के रिकामी झाली. ट्यूब्युलर बॅटरी हे रोज सोसते, पण रोज पूर्ण भरली जात असेल तरच.

आता भरण्याचा हिशोब. ६० भागिले १० म्हणजे सहा तास, असं तोंडी गणित दुकानातही सांगितलं जातं. ते चुकतं, कारण आत घातलेला प्रत्येक अँपिअर प्लेटमध्ये साठत नाही. शेवटी शेवटी बराच भाग पाण्याचं हायड्रोजन-ऑक्सिजन करण्यात जातो. म्हणून लेड-ॲसिड बॅटरीतून जेवढे एएच काढले त्याच्या सुमारे सव्वापट परत घालावे लागतात. चांगल्या, नव्या बॅटरीला १.२ पट धरा. ६० च्या जागी ७२ एएच. जुनी झालेली बॅटरी याहून जास्त मागते.

दुसरी गोष्ट म्हणजे चार्जर सगळा वेळ पूर्ण करंट देत नाही. बॅटरी भरणं हे पोत्यात कापूस भरण्यासारखं आहे. सुरुवातीला कवळेच्या कवळे सहज आत जातात, शेवटचा भाग मात्र दाबून दाबून, थोडा थोडा भरावा लागतो. बॅटरी साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास आली की तिचा व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतो. त्यापुढे चांगला चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरत जातो. हा मंद टप्पा दोन-तीन तासांचा असतो. चार्जर मोठा घेतला म्हणून तो फारसा आखडत नाही, कारण इथे करंट किती घ्यायचा ते बॅटरी ठरवते.

तीन चार्जर शेजारी शेजारी ठेवले तर ६० एएच परत भरायला लागणारा वेळ असा येतो:

| चार्जर | नुसता भागाकार | १.२ पटीच्या हिशोबाने (७२ एएच) | मंद टप्पा धरून, अंदाजे |
|---|---|---|---|
| १० अँपिअर | ६ तास | ७ तास १० मिनिटं | ८ तास |
| १५ अँपिअर | ४ तास | ४ तास ५० मिनिटं | ६ तास |
| २० अँपिअर | ३ तास | ३ तास ३५ मिनिटं | सव्वापाच तास |

शेवटचा रकाना नीट बघा. १० वरून १५ वर गेलं की दोन तास वाचतात. १५ वरून २० वर गेलं की पाऊण तास. अँपिअर दुप्पट केले तरी वेळ निम्मा होत नाही.

हे आकडे डेअरीच्या दिवसात बसवू. सकाळचं संकलन नऊच्या आत आटोपतं, संध्याकाळचं साडेपाच-सहाला सुरू होतं. मधले साडेआठ तास. त्यातले दोन-अडीच तास लाईट जाणार हे गृहीत धरलं तर चार्जिंगला सहा तास मिळतात. १० अँपिअरचा चार्जर एवढ्या वेळात बॅटरीत सुमारे ५० एएचच परत साठवू शकतो. १० एएचची तूट राहते. संध्याकाळी आणखी ६० गेले की तूट ७० होते. रात्री लाईट सलग साडेनऊ तास राहिली तर ही तूट कशीबशी भरून निघते. पण पावसाळ्यात एखाद्या रात्री डीपीचा फ्यूज गेला, तीन तास अंधार झाला, की सकाळी बॅटरी अर्धवट भरलेलीच कामाला लागते. अशा दोन-तीन रात्री लागोपाठ आल्या की ऐन संकलनात इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

त्यापेक्षा वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटवरचं लेड सल्फेट घट्ट होत जातं आणि मग ते चार्ज केलं तरी पूर्ण सुटत नाही. बॅटरी दीडशेची असून शंभरसारखी वागायला लागते. लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. खरं तर ती कधी पूर्ण भरलेलीच नसते. हे ओळखायला हायड्रोमीटर पुरेसा आहे. रात्रभर लाईट असूनही सकाळी ट्यूब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२४० च्या जवळ न येता सगळ्या सेलमध्ये १.२१० वर अडकत असेल, तर चार्ज कमी पडतोय. पाच सेल ठीक आणि एकच सेल बराच खाली असेल तर दोष त्या सेलमध्ये आहे. तिथे चार्जर बदलून उपयोग नाही. एक ध्यानात ठेवा, पाणी घातल्या घातल्या ग्रॅव्हिटी बघू नका. आकडा खोटा येतो.

म्हणजे १० अँपिअर वाईट का? तसं नाही. बॅटरी ८० किंवा १०० एएचची असेल तर १० अँपिअर हेच माप योग्य, कारण एएचच्या दहा टक्के करंट हा जुना आणि भरवशाचा नियम आहे. दीडशे एएचला तो १५ अँपिअर सांगतो. फक्त सकाळीच लाईट जाते आणि रात्र मोकळी असते अशा गावात दीडशे एएचलाही १० चालून जाईल.

२० अँपिअर घेणाऱ्यांची भीती बहुतेक वेळा उलट बाजूची असते, की एवढ्या करंटने बॅटरी जळेल. दीडशे एएचला २० अँपिअर म्हणजे तेरा टक्के. चार्जर शेवटी करंट उतरवणारा असेल तर एवढं ट्यूब्युलर बॅटरी घेते. तरी बॅटरीसोबत आलेल्या पुस्तिकेत कमाल करंट लिहिलेला असतो तो एकदा बघाच. खरा धोका दोन ठिकाणी आहे. एक, उद्या बॅटरी बदलताना पैसे वाचवायला ८० एएचची बसवली आणि चार्जर तोच ठेवला तर करंट पंचवीस टक्क्यांवर जातो. दोन, आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीच्या पुढे असतो. १४.४ व्होल्ट हा आकडा २५ अंशांसाठी आहे. त्यावर दर अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी करायला हवेत. १५ अंश जास्त असतील तर साधारण ०.३५ व्होल्ट, म्हणजे १४ च्या थोडं वर. तापमानानुसार व्होल्टेज कमी न करणारा चार्जर उन्हाळ्यात पाणी आटवत राहतो. बॅटरीचं अंग हाताला चटका देतंय, कुजक्या अंड्यासारखा वास येतोय, डिस्टिल्ड वॉटर महिन्याऐवजी आठवड्याला लागतंय, ही त्याची लक्षणं. वास आला तर चार्जिंग बंद करा, दार-खिडकी उघडा आणि जवळ काडी ओढू नका. तो वास विषारी वायूचा असतो, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

“आमच्याकडं दिवसा चारच तास लाईट असते, मग २० घ्यावाच लागल की,” असंही ऐकायला मिळतं. तोही हिशोब करून बघा. चार तासांत १५ चा चार्जर सुमारे ५० एएच परत साठवतो, २० चा सुमारे ५५. पाचच एएचचा फरक, आणि पूर्ण दोघांकडूनही भरत नाही. जिथे चारच तास मिळतात तिथे ते पैसे सोलर पॅनेलकडे वळवलेले बरे, कारण संकलनाच्या मधला वेळ नेमका उन्हाचा आहे.

वीजबिलावरून चार्जर ठरवू नका. ७२ एएच घालायला चार्जर मीटरकडून साधारण सव्वा युनिट घेतो. अँपिअर कमी असले तर हळू घेतो, जास्त असले तर भरभर, एवढाच फरक.

माझं मत १५ अँपिअरच्या बाजूने आहे. दिवसाच्या सहा तासांत तो सकाळची तूट भरून काढतो आणि उन्हाळ्यात बॅटरीच्या अंगावर येत नाही. ज्या केंद्रावर दोन्ही वेळा तीन-तीन तास लाईट जाते तिथे २० घ्या, पण तापमान बघून व्होल्टेज बदलणाराच.

मात्र डब्यावर १५ लिहिलंय म्हणून बॅटरीत १५ जातात असं समजू नका. संध्याकाळी मोटारी चालू असल्या की गावात १७०-१८० व्होल्टच मिळतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या चार्जरचा करंट अशा वेळी निम्म्यावर येऊ शकतो. बॅटरी वापरून झाल्यावर, लाईट येऊन अर्धा तास झाला की डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या एका वायरवर लावून बघा. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथे खरा आकडा दाखवणार नाही. मीटर ९ दाखवत असेल तर वरच्या तक्त्यात तुम्ही १० च्या ओळीत आहात.

आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण तपासा. ते ‘यूपीएस’वर असेल तर बरेच इन्व्हर्टर १८० च्या खालची लाईट स्वीकारतच नाहीत. गावात लाईट असते, शेजारचा बल्ब पेटलेला असतो, आणि डेअरीची बॅटरी मात्र भरायच्या ऐवजी उतरत असते. असं होत असेल तर बटण दुसऱ्या, मोठ्या रेंजच्या मोडवर टाका आणि लाईट जाताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो का तेवढं एकदा पाहून घ्या. बहुतेक वेळा होत नाही. होत असेल तर कॉम्प्युटरपुरता छोटा वेगळा यूपीएस लावा, इन्व्हर्टर मोठ्या रेंजवरच राहू द्या.