ऑडिट कोर्स: शिकायला झकास, गुणपत्रिकेवर मात्र डोकेदुखी (दोन सत्रांनंतरचा अनुभव)

नोकरी सांभाळून एम.टेक. करतोय. कंपनी कुपवाड एमआयडीसीत, घर मिरजेत, कॉलेज सांगलीतलं. कॉलेजचं नाव घेत नाही, अजून डिग्री हातात यायची आहे. गेल्या सत्रात एक जादा विषय ऑडिटला घेतला होता. क्रेडिट नको, ग्रेड नको, फक्त वर्गात बसून शिकायचं. ऑडिट म्हणजे काय ते इथल्या बहुतेकांना माहीत असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

विषय होता अप्लाइड स्टॅटिस्टिक्स. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटात रोज कंट्रोल चार्ट भरले जातात, पण चार्टवरच्या रेषा कुठून आल्या हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. तेवढ्यासाठी घेतला. क्रेडिटला का घेतला नाही, तर हिशेब सरळ आहे. माझे नेहमीचे २० क्रेडिट, त्यावर १६८ ग्रेड पॉइंट, म्हणजे एसजीपीए ८.४०. हा ३ क्रेडिटचा विषय रीतसर घेतला असता आणि B मिळाला असता, तर त्याचे ६ गुणिले ३ म्हणजे १८ पॉइंट वाढले असते. १८६ भागिले २३, एसजीपीए ८.०९. रात्री कारखान्यातून येऊन गणितं सोडवणाऱ्या माणसानं B पेक्षा जास्तीची आशा धरू नये. ऑडिटमध्ये हा भागाकारच होत नाही. ७५ टक्के हजेरी भरली की गुणपत्रिकेवर ग्रेडच्या जागी AU येतं. हजेरी कमी पडली तर आमच्याकडं विषयाचं नावच छापत नाहीत, आणि फी परत मिळत नाही.

शिकण्याबद्दल तक्रार शून्य. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ऑडिटवाल्यांनी प्रश्न विचारायचे, नाहीतर मागं बसून झोपायला घरीच थांबा. मीही शाफ्टच्या व्यासाची मोजमापं घेऊन गेलो. ती मर्यादेत असूनही सलग एकाच बाजूला सरकत होती. सरांनी ती फळ्यावर मांडली, आणि टूल झिजत असल्याचं सगळ्या वर्गासमोर दिसलं. तेव्हाच हे परीक्षण लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता फी. आमच्या कॉलेजात जादा विषयाला क्रेडिटमागं १,५०० रुपये, आणि ऑडिटला त्याच्या निम्मे. म्हणजे माझे व्हायला हवे २,२५०. चलन निघालं ४,५०० चं, शिवाय त्यात परीक्षा फी वेगळी. जिथं परीक्षाच नाही तिथं परीक्षा फी कसली? काउंटरवरचे साहेब म्हणाले, "सिस्टीमच घेतेय, मी काय करू?" शेवटची तारीख होती, पैसे भरले आणि अर्ज दिला. फरक परत आला, परीक्षा फी आली नाही. रक्कम फार नाही, पण त्यात मिरज-सांगली एसटीचे किती हेलपाटे झाले असते, हे अजून डोक्यातून जात नाही.

खरी गंमत गुणपत्रिका आल्यावर झाली. विषयापुढं AU होतं, छान. पण खालच्या चौकटीत छापलं होतं: नोंदणी केलेले क्रेडिट २३, मिळवलेले क्रेडिट २०. आता हे कोणा तिऱ्हाइताला दाखवा. तो काय समजेल? पोराचा एक विषय राहिलाय. आणि तसंच झालं. कंपनीत फीच्या परताव्यासाठी कागद दिले, तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तीन क्रेडिट राहिलेत का? एटीकेटी आहे?" AU चा अर्थ गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे, आणि कंपनीला मी स्कॅन पाठवला होता फक्त पुढच्या बाजूचा, जसा सगळेच पाठवतात.

मला आधी वाटलं, एसजीपीएसुद्धा चुकवलाय. तो तपासायला सोपा आहे. छापलेला एसजीपीए मिळवलेल्या क्रेडिटनं गुणा आणि प्रत्येक विषयाच्या पॉइंटची बेरीज करून बघा. माझं ८.४० गुणिले २० बरोबर १६८ आलं. २३ नं भागलं असतं तर ७.३० छापून आलं असतं. म्हणजे आकडेमोड ठीक होती, फक्त खालच्या चौकटीतला नोंदणीचा आकडा चुकला होता. तुमचं गणित जुळलं नाही तर मात्र AU ला शून्य पॉइंटचा विषय धरलाय असं समजा, आणि त्याच दिवशी परीक्षा विभाग गाठा.

कारण पुढं कळलं. बी.टेक.च्या पोरांना संविधान आणि पर्यावरण असे बिनक्रेडिटचे सक्तीचे विषय असतात, त्यांनाही कॉलेजात ऑडिट कोर्सच म्हणतात. पण त्यात पास व्हावं लागतं, त्यांची परीक्षा होते. आमच्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिट' हा प्रकार फक्त त्यांच्यासाठी केलेला. आमच्यासारखा हौसेनं बसणारा त्यात बसेना, म्हणून क्लार्कनं मला ३ क्रेडिटच्या इलेक्टिव्हमध्ये टाकलं आणि सत्राच्या शेवटी ग्रेडच्या जागी हातानं AU भरलं. पूर्ण फी, परीक्षा फी आणि २३ चा आकडा, तिन्ही गोष्टी त्या एका नोंदीतून आल्या. हे समजल्यावर काउंटरवरच्या साहेबांवरचा राग थोडा उतरला. सिस्टीमच घेत होती, ते खरंच बोलत होते.

दुरुस्तीला गेलो तर डुप्लिकेट गुणपत्रिकेची फी मागितली. इथं मी अडून बसलो. डुप्लिकेट म्हणजे माझ्याकडून हरवली तर. नोंदच चुकलेली असेल तर ती दुरुस्त प्रत, तिचे पैसे विद्यार्थ्यानं का द्यायचे? नोंदणीच्या फॉर्मची पोच माझ्याकडं होती, त्यावर माझ्या अक्षरात 'ऑडिट', विभागप्रमुखांची सही आणि आवक शिक्का. तो कागद नसता तर पैसे द्यावेच लागले असते. शेवटी जुनी प्रत जमा करून घेतली आणि नवी फुकट दिली. आता तिच्यावर नोंदणी २०, मिळवले २०, आणि विषयापुढं क्रेडिट शून्य, AU. डिजिलॉकरमध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यातही २० च दिसतात. तिथं ऑडिटचा काही फायदा नाही, साठवायला क्रेडिटच नाही.

कंपनीनं त्या २,२५० चा परतावा दिला नाही. धोरणात 'उत्तीर्ण' लिहिलंय आणि AU म्हणजे उत्तीर्ण नव्हे, नापासही नव्हे. मॅडमचं म्हणणं नियमाला धरून आहे, त्यामुळं वाद घातला नाही. ज्यांना परतावा हवाय त्यांनी आधी हे विचारून घ्यावं. नुसतं शिकायचं असेल आणि समोर शिक्षक नको असेल, तर एनपीटीईएलवर नावनोंदणी फुकट आहे, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच पैसे. पण तिथं तुमची मोजमापं कोणी फळ्यावर मांडत नाही.

एकूण साडेतीन तारे. अर्धा तारा परीक्षा फीसाठी कापलाय, बाकीचा एक त्या २३ साठी. पुढच्या सत्रात डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स आहे आणि सर तेच आहेत. तोही ऑडिटलाच घेणार, पण चलनावर परीक्षा फीची ओळ दिसली तर काउंटरवरून हलणार नाही.