खायचा सोडा आणि ४०० मीटर: पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

४०० आणि ८०० मीटर पळणाऱ्या आमच्या गटात शर्यतीआधी खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, वापरायला लागून आता पूर्ण हंगाम झाला. आमचं मत आधीच सांगतो. वस्तू खरी आहे, काम करते, आणि किराणा दुकानात मिळते. पण ज्याच्या पोटाला ती सोसत नाही त्याची शर्यत ती सरळ बुडवते. म्हणून या लिखाणातली जास्त जागा पोटालाच दिली आहे.

आधी ती काय करते ते. ४०० मीटरमध्ये साधारण ३०० मीटरनंतर पाय जड होतात, पाऊल आखूड पडतं. तोवर स्नायूंनी ग्लायकोजेन भराभर फोडून ऊर्जा काढलेली असते. त्यात लॅक्टेटबरोबर हायड्रोजन आयन साठतात आणि स्नायूतली आम्लता वाढते. थकव्याची इतरही कारणं आहेत, पण हे त्यातलं मोठं. आता अनेकांचा समज असा, की सोडा स्नायूत जाऊन आम्ल मारतो. तसं होत नाही. बायकार्बोनेट स्नायूपेशीच्या पडद्यातून सहजी आत शिरत नाही, ते रक्तातच राहतं. रक्तात ते जास्त असलं की तिथले हायड्रोजन आयन झटपट टिपले जातात, त्यांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि तो वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. रक्त असं मोकळं राहिल्यामुळे स्नायूतले आयन लॅक्टेटसोबत जास्त वेगाने बाहेर येतात. त्यामुळे पाय जड होण्याची वेळ थोडी पुढे ढकलली जाते. सुरुवातीचा वेग वाढत नाही, शेवटच्या शंभर मीटरमधली घसरण कमी होते.

यावरून १०० मीटरवाल्यांनी हा खटाटोप का करू नये तेही कळतं. दहा-अकरा सेकंदांत आम्लता तेवढी वाढतच नाही. फायदा दिसतो तो साधारण अर्ध्या मिनिटापासून दहा-बारा मिनिटांपर्यंत चालणाऱ्या जोरकस प्रयत्नांत. मिनिटभराच्या प्रयत्नासाठी अभ्यासांचा सरासरी अंदाज दीड-दोन टक्क्यांच्या आसपास आहे, पण माणसागणिक फरक फार. ५० सेकंदांच्या धावपटूने यातून पाऊण सेकंद सुटेल असा हिशेब मांडू नये. काही दशांश मिळाले तरी ते खूप आहेत.

मात्रा वजनावर ठरते: किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम. ६० किलोच्या धावपटूला पूर्ण मात्रा १८ ग्रॅम. ती चमच्याने मोजू नका. सपाट आणि शिगोशीग चमच्यात दुपटीचा फरक पडू शकतो, म्हणून छोटा डिजिटल काटा घ्या. पाकीटही नीट वाचा. बेकिंग पावडर चालत नाही, कारण तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा तर चुकूनही नको, तो घसा आणि अन्ननलिका भाजतो. ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या पुड्यांतही आम्ल मिसळलेलं असतं, त्या इथे कामाच्या नाहीत.

आता पोट. बिघाड दोन प्रकारचे आहेत, आणि ते वेगवेगळे ओळखता आले की उपायही सापडतो.

पहिला वायूचा. सोडा जठरातल्या आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक ग्रॅम सोडा पूर्ण विरघळून आम्लात संपला, तर शरीराच्या तापमानाला सुमारे ३०० मिली वायू होतो. १८ ग्रॅम एकदम संपत नाही, पण त्यातला चार-पाच ग्रॅम थोड्या वेळात संपला तरी लिटर-दीड लिटर होतो. ढेकर, पोट तट्ट फुगणं, मळमळ हे सगळं यातून येतं, आणि ते लवकर येतं, पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास.

दुसरा पाण्याचा, आणि शर्यतीसाठी हाच जास्त घातक. १८ ग्रॅम सोडा म्हणजे सुमारे २१४ मिलिमोल. विरघळल्यावर त्याचे सोडियम आणि बायकार्बोनेट असे दोन कण होतात, म्हणजे ४२८. हे अर्धा लिटर पाण्यातून घेतलं, तर द्रावणाची तीव्रता रक्ताच्या जवळपास तिप्पट होते. असं द्रावण आतड्यात पोहोचलं की आतडं आसपासचं पाणी आत ओढून ते पातळ करू लागतं. परिणाम म्हणजे पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब. हे तास-दोन तासांनी सुरू होतं, नेमकं वॉर्मअपच्या वेळी. रक्ताइतकी तीव्रता राखायची तर दीड लिटर पाणी लागेल, आणि तेवढं पिऊन ४०० मीटर कोण पळणार? म्हणून उपाय पाण्यात कमी, वेळेत जास्त आहे. मात्रा तुकड्यांत द्यायची आणि सोबत अन्न ठेवायचं, म्हणजे जठर हळूहळू रिकामं होतं आणि सोडा आतड्यात थोडा थोडा उतरतो.

आमच्याकडे टिकलेली पद्धत, त्याच ६० किलोच्या धावपटूसाठी, संध्याकाळी साडेपाचची शर्यत धरून: तीनला जेवण सुरू. साधारण ३०० ग्रॅम शिजलेला भात, वर पातळ वरण, तेल-मिरची-कडधान्य नाही. सोडा कॅप्सूलमध्ये भरलेला, चार भागांत. तीन, सव्वातीन, साडेतीन आणि पावणेचारला प्रत्येकी साडेचार ग्रॅम, दर वेळी दीडशे-दोनशे मिली पाणी. मोठ्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये एक ग्रॅमपेक्षा थोडा कमीच मावतो, म्हणजे एका वेळी पाच-सहा गिळाव्या लागतात. पावडर पाण्यात ढवळून घेणंही चालतं, पण ती चव खारट-साबणासारखी असते आणि निम्मी मळमळ चवीनेच येते. पावणेचारनंतर घोट-घोट पाणी, जेवण बंद.

रक्तातलं बायकार्बोनेट साधारण एक ते तीन तासांत शिखर गाठतं, आणि हे शिखर प्रत्येकाचं वेगळं असतं. विश्रांतीत ते लिटरमागे २४-२५ मिलिमोल असतं. त्यावर पाच-सहाची वाढ झाली तर फरक पडण्याची शक्यता धरता येते. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर सराव हीच चाचणी: जोरकस ३०० मीटरच्या दिवशी आधी ०.२ ने सुरू करा, पोट शांत राहिलं तरच ०.३ वर जा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका.

आतड्यातच उघडणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात. त्यांनी ढेकर आणि फुगणं बऱ्यापैकी कमी होतं, पण सोडा शेवटी आतड्यात उतरतोच. त्यामुळे ज्याला जुलाबाचा त्रास आहे त्याने फक्त महागड्या कॅप्सूलवर विसंबू नये. त्याने मात्रा कमी करावी आणि ती तासापेक्षा लांबवावी.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’च्या बंदी यादीत सोडा नाही. (घोड्यांच्या शर्यतीत मात्र हाच प्रकार बंद आहे, अनेक देशांत रक्त तपासून पकडतात.) पण १८ ग्रॅममध्ये जवळपास पाच ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला दोनपेक्षा कमी सांगते. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने याला हात लावू नये. निरोगी धावपटूच्या अंगातही पाणी धरलं जातं, तहान लागते, वजन किंचित चढतं. म्हणून सकाळी हीट आणि संध्याकाळी फायनल असेल तर आम्ही हीटला सोडा देत नाही. दोन पूर्ण मात्रा एका दिवसात पोटाला पेलत नाहीत, आणि हीट साध्या तयारीवर निघत नसेल तर फायनलचा प्रश्नच येत नाही.