कंपनीची माहिती दाखवणारी साइट: सात महिने, चार मेल आणि माझं माहेरचं नाव

गोकुळ शिरगावला आमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. कांदा-लसूण मसाला, मिरची पूड, थोडं लोणचं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, डायरेक्टर आम्ही दोघं नवरा-बायको. मे महिन्यात एका मोठ्या दुकानसाखळीकडे पुरवठादार म्हणून नोंदणीला कागद दिले, तर तिथल्या मुलीचा फोन आला, "मॅडम, तुमचा पत्ता शाहूपुरीचा दिसतोय आणि डायरेक्टरचं नाव पॅनशी जुळत नाही." तिनं बघितलं होतं कंपन्यांची माहिती दाखवणाऱ्या एका साइटवर. साइटचं नाव देत नाही, कारण अशा चार-पाच आहेत आणि सगळ्यांचा कारभार साधारण सारखाच. त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंतचा हा अनुभव.

शाहूपुरीची भाड्याची जागा आम्ही 2023 मध्येच सोडली होती. साइटवर माझं नाव माहेरचं होतं, म्हणजे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्न होऊन आठ वर्षं झाली!

पहिला मेल मी रागातच लिहिला. "तुमची माहिती चुकीची आहे, ताबडतोब काढा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू." भाच्यानं त्यात वैयक्तिक माहितीच्या नव्या कायद्याचंही एक वाक्य घातलं. मेल गेला माझ्या साध्या जीमेलवरून. कंपनीचं नाव लिहिलं, बाकी काही नाही. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आम्ही सरकारी नोंदीतली माहिती दाखवतो, पुरावा पाठवा.

कायद्याचा मुद्दा किती पोकळ होता ते आमच्या सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी बाईंनी नंतर सांगितलं. कंपनीच्या डायरेक्टरांची नावं कायद्यानेच सार्वजनिक करावी लागतात, आणि 2023 च्या त्या कायद्यात अशी माहिती वगळलेली आहे. म्हणजे आमच्या धमकीत दम नव्हता, आणि समोरच्याला ते माहीत असणार.

सीएस बाईंनी मला विचारलं, "ताई, एमसीएवर स्वतः बघितलंत का?" बघितलं नव्हतं. एमसीए म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालय. त्याच्या पोर्टलवर लॉगिन करून कंपनीचा मास्टर डेटा फुकट बघता येतो. आम्ही दोघींनी तो उघडला आणि माझा अर्धा राग तिथेच उतरला. पत्ता गोकुळ शिरगावचा, अगदी बरोबर. पण डायरेक्टरच्या रकान्यात माझं माहेरचंच नाव! साइटनं नाव चुकवलंच नव्हतं. नोंदच तशी होती.

झालं होतं असं: डीआयएन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, मी लग्नाआधी काढला, तेव्हाच्या पॅनवर. लग्नानंतर पॅन बदललं, आधार बदललं, बँकेत बदललं. डीआयएनला मात्र कुणी हात लावला नाही. डायरेक्टरचं नाव बदललं की DIR-6 हा फॉर्म 30 दिवसांत भरायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. पत्ता बदलल्याचा INC-22 फॉर्म मात्र आमच्या जुन्या सीएनी वेळेत भरला होता. कोल्हापूर शहराच्या हद्दीबाहेर जायचं म्हणून विशेष ठराव करून तोही नोंदवला होता, त्यामुळे ती बाजू पक्की होती.

म्हणजे दोन चुका दिसायला सारख्या, पण मुळं वेगळी. पत्ता साइटनं जुना धरून ठेवला होता, पानाच्या तळाशी "शेवटचं अद्ययावत" म्हणून 2022 मधली तारीखसुद्धा होती. मी ती वाचलीच नव्हती. नाव मात्र मूळ नोंदीतच जुनं होतं, आणि ते साइटला कितीही मेल केले तरी बदललं नसतं. बदललं असतं तरी पुढच्या वेळी त्यांनी एमसीएकडून माहिती उचलली की परत आलं असतं.

मग दुसरा मेल फक्त पत्त्यापुरता लिहिला. इंग्रजीत होता, मराठीत त्याचा मजकूर असा:

"विषय: नोंदणीकृत पत्त्याची दुरुस्ती, सीआयएन (इथे कंपनीचा 21 अक्षरी ओळख क्रमांक). आपल्या या पानावर (पानाची लिंक) आमचा पत्ता शाहूपुरी, कोल्हापूर असा दिसतो. एमसीएच्या मास्टर डेटानुसार योग्य पत्ता गोकुळ शिरगाव एमआयडीसी असा आहे. सोबत आजच्या तारखेचा मास्टर डेटाचा स्क्रीनशॉट आणि INC-22 ची पावती जोडली आहे. मी या कंपनीची संचालक आहे आणि हा मेल एमसीएकडे नोंदलेल्या कंपनीच्या ईमेलवरून पाठवत आहे."

बास. आधार नाही, पॅन नाही. साइटच्या फॉर्ममध्ये ओळखपत्र मागितलं होतं, पण आम्ही दिलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. कंपनीच्या ईमेलवरून लिहिल्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असं मला वाटतं. सीआयएनही महत्त्वाचा, कारण आमच्या नावाशी मिळत्याजुळत्या दोन कंपन्या त्याच साइटवर आहेत, आणि शिरगावला गेल्याने आमचा सीआयएन बदललेला नव्हता. मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर टाकला, तो गोपनीयता धोरणाच्या पानात शेवटी बारीक अक्षरांत सापडतो. पाच दिवसांत पत्ता बदलला.

मधल्या काळात साइटकडून फोनही आला होता. पैसे भरून "प्रोफाइल व्हेरिफाय" करून घ्या, दुरुस्त्या लवकर होतील म्हणे. नाही घेतलं. दुरुस्ती फुकट झाली.

नावाचं काम लांबलं. DIR-6 ला डायरेक्टरची डिजिटल सही लागते आणि माझ्या सहीची मुदत संपून पडली होती. नवी काढली, सीएस बाईंनी फॉर्म प्रमाणित केला, मास्टर डेटात नवं नाव दिसायला जुलै उजाडला. मग तिसरा मेल, वरच्याच साच्यात. कंपनीच्या पानावर नाव आठवड्यात बदललं आणि मी निश्चिंत झाले.

ऑगस्टमध्ये दुकानसाखळीची मुलगी पुन्हा, "मॅडम, अजून तेच नाव येतंय." त्या साइटवर कंपनीचं एक पान असतं आणि डीआयएनवरून बनलेलं डायरेक्टरचं वेगळं पान असतं. मी लिंक फक्त पहिल्याची दिली होती. चौथ्या मेलमध्ये दुसरी दिली. पानावरचं नाव बदललं, पण पानाच्या वेब पत्त्यात माहेरचं आडनाव अजून तसंच आहे. तो बदलत नाही म्हणाले. गुगलमध्ये मात्र आणखी दोन आठवडे जुनंच नाव दिसत राहिलं. गुगलचं जुना मजकूर ताजा करण्याचं साधन आहे, Refresh Outdated Content. त्यात लिंक टाकल्यावर ते गेलं. पान आधी बदललेलं असेल तरच ते चालतं, हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरमध्ये शाहूपुरीचा पत्ता चार दिवस पुन्हा अवतरला होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही. जुन्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ लिहिली, दोन दिवसांत नीट झालं. म्हणून मेलची ती साखळी मी पुसत नाही.

साइटला पाचपैकी तीन. एक गुण तारखेसाठी कापला, ती पत्त्याशेजारी हवी होती. दुसरा त्या फोनसाठी. एमसीएवरच्या 2016 च्या कागदांत माझं माहेरचं नाव राहणारच आहे, आणि ते बरोबरच आहे, तेव्हा मी तीच होते. अजून एक साइट शाहूपुरी दाखवते. तिला सोमवारी मेल टाकलाय, आणि शाहूपुरीचे घरमालक आमची पत्रं तेवढी जपून ठेवतात.