एका पाटीवर १.१५, दुसरीवर काहीच नाही: गिरणीसाठी १० एचपीची मोटर घेताना

मामांच्या गिरणीतली मोटर मार्चमध्ये तिसऱ्यांदा जळाली तेव्हा ते म्हणाले आता रिवाइंड बास, दुसरीच घेऊ. मी एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो म्हणून मला सोबत नेलं. जळगावात दोन मोटरी समोर आल्या, एक नवीकोरी आणि एक बाहेरदेशातल्या जुन्या मशीनवरनं उतरवलेली, किंमत जवळपास निम्मी. दोन्हीवर १० एचपी. मामांचा प्रश्न सरळ होता, "दोन्ही दहाच्या आहेत ना रे, मग महाग कशाला घ्यायची?"

मी मोबाईलवर दोन्ही मोटरींवरच्या माहितीच्या पाट्यांचे फोटो काढले आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसून शेजारी शेजारी लिहून काढलं. ते असं:

| | नवी मोटर | जुनी अमेरिकन |
|---|---|---|
| ताकद | ७.५ किलोवॅट / १० एचपी | १० एचपी |
| व्होल्ट | ४१५, अधिक-उणे १० टक्के | २३०/४६० |
| हर्ट्झ | ५० | ६० |
| अँपिअर | १३.८ | ४६० व्होल्टला १३ |
| सर्व्हिस फॅक्टर | लिहिलेलाच नाही | १.१५ |
| इन्सुलेशन | क्लास एफ, तापमानवाढ ७० अंश | क्लास बी |
| आजूबाजूचं तापमान | ५० अंश | ४० अंश |
| एन्क्लोजर | आयपी ५५ | ओपन ड्रिप प्रूफ |
| ड्युटी | एस १ | कंटिन्युअस |

मामांचं बोट लगेच १.१५ वर. दुकानदाराने ते आधीच डोक्यात घातलेलं होतं, की बघा ही पंधरा टक्के जास्त ओढते, म्हणजे साडेअकरा एचपी, आणि नव्या मोटरवर तर काही लिहिलेलंच नाही.

आता सर्व्हिस फॅक्टर म्हणजे काय तर पाटीवरच्या ताकदीला त्या आकड्याने गुणलं की तेवढा लोड मोटर सोसते, त्यामुळे १० गुणिले १.१५ म्हणजे साडेअकरा हा हिशोब खोटा नाहीये. पण तो पाटीवरचेच व्होल्ट आणि पाटीवरचेच हर्ट्झ मिळाले तरच खरा, आणि तिथेही मोटर जास्त गरम होणार हे धरूनच दिलेला असतो, म्हणजे तो अडीअडचणीचा राखीव साठा आहे, रोज खायचा नाही. ही अमेरिकन पद्धत आहे. आपल्याकडच्या पाटीवर बऱ्याचदा तो रकानाच नसतो, आणि नसला की १.० धरायचा. लिहिलं नाही म्हणजे मोटर कमजोर असं काही नसतं.

आणि आपल्याकडे ६० हर्ट्झ आणायचे कुठून? मोटरच्या लोखंडात किती चुंबकत्व भरतं, म्हणजे फ्लक्स, ते व्होल्ट भागिले हर्ट्झवर ठरतं. ४६० ला ६० ने भागा, ७.६७ येतं. आपले ४१५ ला ५० ने भागा, ८.३ येतं. म्हणजे त्या मोटरच्या लोखंडावर आपण पहिल्याच सेकंदापासून साधारण ८ टक्के जास्त फ्लक्स लादतोय. लोखंड सॅच्युरेट व्हायला लागलं, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावेनासा झाला, की रिकामी फिरतानासुद्धा ती भरपूर करंट घेते. दुकानदाराने चालू करून दाखवली, "बघा आवाज आहे का!" आवाज नव्हता खरा, पण मी क्लँप मीटर लावला तर काही लोड नसताना साडेआठ अँपिअर. दहाच्या चार पोल मोटरला रिकामं असताना पाच-सहा दिसले असते तर मी काही बोललो नसतो. त्यात हर्ट्झ कमी झाले की फिरण्याचा वेगही कमी, १७५५ चे साधारण १४५५, आणि तेवढ्याच टॉर्कला ताकद सहाभागातले पाचच उरते, म्हणजे ८.३ एचपी. साडेअकरा सोडाच, दहासुद्धा नाही.

(जाता जाता, तिचा शाफ्ट इंचात, ३४.९ मिलिमीटर. मामांच्या पुलीचं भोक ३८ चं. स्वस्तातली मोटर घेतली की आधी लेथवाल्याकडे जायचं.)

खरा घोळ मात्र इन्सुलेशनच्या ओळीत आहे, आणि ती ओळ कोणीच वाचत नाही. क्लास बी म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, वाइंडिंगचा, सगळ्यात गरम भाग १३० अंशापर्यंत गेला तर चालेल, क्लास एफ म्हणजे १५५. पण हा आकडा भोवतालच्या हवेपासून सुरू होतो. ४० अंश हवा, त्यात क्लास बीची ८० ची वाढ, आणि वाइंडिंगमध्ये एखादी जागा सरासरीपेक्षा गरम असतेच म्हणून वरचे १०, झाले १३०. कारखान्यात हे जुळतं. मामांची गिरणी म्हणजे पत्र्याची शेड, गेल्या मेमध्ये दुपारी मी आतलं तापमान मोजलं तेव्हा ४६ होतं. ४६ अधिक ८० अधिक १०, १३६. म्हणजे पूर्ण लोडला मोटर रोज दुपारी मर्यादेच्या सहा अंश वर, आणि तो १.१५ खरंच वापरायला गेलं तर वाढ ८० ची ९० होते, मग १४६. वर्कशॉपमधला ढोबळ नियम असा की दर १० अंश जास्त गेलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. वरच्या जास्तीच्या फ्लक्सची गरमी मी यात धरलेलीच नाहीये.

नव्या मोटरचं बघा. हवा ५० अंशाची धरूनच पाटी बनवलीये, वाढ ७० वरच थांबवलीये. आपल्या ४६ मध्ये ७० आणि १० मिळवले की १२६, आणि इन्सुलेशन मात्र १५५ चं. २९ अंश शिल्लक. याला बाजारात 'एफ इन्सुलेशन, बी राइज' म्हणतात, आणि माझ्या मते पाटीवरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच, कारण १.१५ न लिहिताही ही मोटर थोडाफार जास्तीचा ताण खाते. थोडाफारच हं. संध्याकाळी गावात सगळे पंप चालू झाले की आमच्याकडे व्होल्टेज ३६० वर येतं, तेव्हा तेवढंच दळण करायला करंट साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, १३.८ चे सोळाच्या जवळ. पाटीवरचे उणे १० टक्के म्हणजे ३७३ व्होल्ट, त्याच्या खाली कंपनीची जबाबदारी संपली. म्हणून ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा, १३.८ वरच ठेवायचा, ट्रिप होतोय म्हणून स्क्रू फिरवून १६ वर न्यायचा नाही. मामांची आधीची मोटर अशीच गेली होती, रिले उघडून बघितला तर नॉब शेवटाला टेकलेला.

अजून एक, मोटर रिवाइंड केलेली असेल तर पाटीवरचा क्लास विसरायचा. तार कुठली, स्लॉटमधला कागद कुठल्या क्लासचा, व्हार्निश भट्टीत भाजलं की ब्रशने फासून उन्हात वाळवलं, यावर खरा क्लास ठरतो. पाटी तीच राहते, आतला माल बदललेला असतो. जुन्या मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडून बाहेर आलेल्या वायरी बघा, कंपनीच्या छापील वायरीऐवजी साध्या रंगीत वायरी आणि जोडांवर टेप दिसली की समजून जा.

एन्क्लोजरचं गिरणीपुरतं फार सोपं आहे. आयपीनंतरचा पहिला आकडा धूळ-कणांचा, दुसरा पाण्याचा. ५५ मधला पहिला ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडण्याइतकी जाणार नाही, दुसरा ५ म्हणजे पाइपने पाणी मारलं तरी चालेल. ओपन ड्रिप प्रूफ म्हणजे वरनं थेंब पडले तर आत जात नाहीत, बाकी दोन्ही बाजूंनी जाळ्या उघड्या, आणि तिचा पंखा बाहेरची हवा आत ओढून वाइंडिंगवरनंच फिरवतो. गिरणीत ती हवा म्हणजे पीठ. पावसाळ्यात त्या पिठाला दमट हवा लागली की वाइंडिंगवर अक्षरशः कणकेचा थर बसतो, हवा अडते, मोटर तापते. मी असली मोटर उघडलीये, थर स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. स्वच्छ खोलीत पंप चालवायचा असेल तर ही उघडी मोटर वाईट नाही, उलट थंड राहते. गिरणीत नकोच.

पण आयपी ५५ कायम ५५ राहत नाही. केबल ग्लँड न लावता भोकात फडकं कोंबलं, टर्मिनल बॉक्सचं रबर गॅस्केट बसवताना हरवलं, की पाटीवर ५५ आणि प्रत्यक्षात काहीच नाही. आणि आयपीचा स्फोटाशी संबंध नाही. हवेत पिठाचा ढग भरलेला असला तर ठिणगीने भडका उडू शकतो, त्यासाठीच्या मोटरींवर वेगळी खूण असते, मोठ्या मिलमध्ये ती बघावीच लागते.

ड्युटीत या दोन मोटरींचा फरक नव्हता, एस १ काय आणि कंटिन्युअस काय एकच, दिवसभर पूर्ण लोडवर चालवा. पण निघताना दुकानदाराने तिसरी काढली, "ही घ्या, भारतीय आहे, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आयपी ५५, क्लास एफ, आणि जुनीच्याच भावात." मामा खूश. सगळं जुळत होतं, फक्त ड्युटीच्या रकान्यात एस ३, ४० टक्के. ही होइस्टची मोटर. एस ३ मध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर दहा मिनिटांचं चक्र धरतात, म्हणजे चार मिनिटं चालणार, सहा मिनिटं थंड होणार. क्रेनला ते बरोबर आहे, उचललं, ठेवलं, थांबलं. मामांची गिरणी सकाळी आठला सुरू होते ती एकपर्यंत, आणि सणाच्या आधी तर डब्यांची रांग असते, तिथे सहा मिनिटं थांबा म्हणून कोणाला सांगणार? ती मोटर १० एचपीची आहे, पण चार मिनिटांपुरती. एस २ लिहिलं असेल तर पुढे मिनिटं असतात, एस २, ३० मिनिटं वगैरे, म्हणजे तेवढी चालवून मग पूर्ण गार होऊ द्यायची. तीही गिरणीला नाही.

नवी घेतली. मामा आठवडाभर पैशांवरनं कुरकुरत होते. बसवताना ग्लँड लावला, रिले १३.८ ला ठेवला, आणि गव्हाच्या दळणावर क्लँप लावला तर १३. मग मामांनी पीठ बारीक यावं म्हणून दगड अजून आवळले, मीटर १५.५ वर गेला आणि थोड्या वेळात रिले ट्रिप. मामा रिलेकडे बघत म्हणाले, "त्या दुसरीला १.१५ होतं." मी दगड अर्धा फेरा ढिले केले, १३.२ वर आलं. आता दर शनिवारी पंख्याचं झाकण काढून फिन्समधलं पीठ ब्रशने झाडायचं काम मामींकडे आहे, कारण मामा विसरतात.