या आठवड्याचा आकडा की साचत जाणारी बेरीज? चॅटबॉटची हळू घसरण पकडण्याच्या दोन पद्धती

बॉट बंद पडला तर तासाभरात फोन खणखणू लागतात, त्यासाठी वेगळी देखरेख लागत नाही. बॉट चालू असतो, नम्रपणे बोलत असतो आणि महिन्याला थोडाथोडा वाईट होत जातो, तेव्हा मात्र कुणाचाच फोन येत नाही. ही घसरण पकडायची तर दर आठवड्याला काही संभाषणं काढून माणसांकडून तपासून घेणं आणि नापास संभाषणांच्या आकड्यावर इशारा बसवणं, हाच भरवशाचा मार्ग आहे. तो इशारा दोन प्रकारे बसवता येतो. त्यातला कोणता घ्यावा असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

उदाहरणासाठी ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीचा मराठी बॉट घेऊ. शेतकरी त्याला ऑर्डर कुठवर आली, जवळचा डीलर कोण, असे साधे प्रश्न विचारतात. काही प्रश्न मात्र अवघड असतात. लॅटरल म्हणजे झाडांच्या ओळीला पाणी पोचवणारी बारीक नळी. "लॅटरलच्या शेवटी पाणी येत नाही" असं कुणी लिहिलं, तर चांगला बॉट आधी विचारतो: लॅटरल किती लांब आहे, फिल्टर कधी धुतला, सगळ्याच ओळींना असं होतंय की एकाच? घसरलेला बॉट थेट म्हणतो, "कृपया फिल्टर साफ करा." वाक्य चुकीचं नाही, भाषा शुद्ध आहे. पण लॅटरल प्रमाणाबाहेर लांब असेल, तर शेतकरी फिल्टर धूत बसतो आणि शेवटची झाडं कोरडी राहतात. असं संभाषण तपासणाऱ्याने नापास करायचं असतं, आणि ते फक्त वाचूनच कळतं. खाली अंगठा दाखवण्याचं बटण इथे कामाचं नाही, कारण उत्तर मिळालं त्या क्षणी शेतकऱ्याला ते बरंच वाटलेलं असतं.

हे का होतं? बहुतेक वेळा कुणी मुद्दाम काही बिघडवलेलं नसतं. बॉटला दिलेल्या सूचनांत दर पंधरवड्याला एखादी नवी योजना, एखादी नवी सूचना चिकटवली जाते आणि "आधी प्रश्न विचार" ही जुनी ओळ त्या ढिगाखाली जाते. कधी माहितीसाठ्यातली पत्रकं जुनी होतात. कधी मॉडेल पुरवणारा आतल्या आत मॉडेल बदलतो.

आता आकडे धरू. बॉट चांगला होता त्या काळात शंभरातली ६ संभाषणं नापास होत होती. आठवड्याला २०० संभाषणं संगणकाकडून सोडत काढल्यासारखी निवडली, तर सरासरी १२ नापास निघतील. बॉट जसाच्या तसा असला तरी एखाद्या आठवड्यात ९ निघतील, एखाद्यात १६. हा निव्वळ नशिबाचा चढउतार आहे आणि त्याचं माप √(200 × 0.06 × 0.94), म्हणजे सुमारे ३.४ येतं.

पहिली पद्धत: आठवड्याची मर्यादा. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये मांडलेल्या नियंत्रण आलेखाचीच ही कल्पना आहे. सरासरीच्या वर चढउताराच्या तिप्पट अंतरावर रेघ मारायची. इथे १२ अधिक १०, म्हणजे २२. एखाद्या आठवड्यात २३ किंवा अधिक नापास निघाले की इशारा. पद्धत समजावून सांगायला सोपी आहे, बैठकीत कुणी वाद घालत नाही, आणि बॉट एकदम कोसळला तर पहिल्याच आठवड्यात सापडतो. पण तिला स्मरण नाही. मागच्या आठवड्यात १९ होते आणि त्याआधी १८ होते, याचा ती विचारच करत नाही.

दुसरी पद्धत: साचत जाणारी बेरीज. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ साली ती मांडली, आणि क्युसम या नावाने ती ओळखली जाते. आधी एक निर्णय घ्यावा लागतो: किती घसरण आपल्याला खपणार नाही? समजा शंभरात ९, म्हणजे आठवड्याला १८. मग १२ आणि १८ यांच्या मधला आकडा १५ धरायचा. दर आठवड्याच्या नापास संख्येतून १५ वजा करायचे, उरेल ते खात्यावर जमा करायचं, आणि खातं शून्याखाली जाऊ द्यायचं नाही. खातं १० च्या वर गेलं की इशारा.

```
S = max(0, S + x - 15)
```

इथे `x` म्हणजे त्या आठवड्याची नापास संख्या आणि `S` म्हणजे खातं. स्प्रेडशीटमधला एक रकाना एवढीच ही यंत्रणा आहे.

दोन्ही पद्धती एकाच मालिकेवर चालवून पाहू. अकरा आठवड्यांचे नापास आकडे असे धरा: ११, १४, १३, १२, १६, १५, १८, १४, १९, १७, १८. मर्यादेची पद्धत अकराही आठवडे गप्प राहते, कारण सगळ्यांत मोठा आकडा १९ आहे आणि रेघ २२ वर आहे. खात्याचं काय होतं? पहिले चार आठवडे शून्य. मग १, १, ४, ३, ७, ९ आणि अकराव्या आठवड्याला १२. इशारा वाजला. आठव्या आठवड्यातला १४ पाहून "बघा, सुधारलं" असं कुणीही म्हटलं असतं. खात्यातून मात्र तेव्हा फक्त १ कमी झाला.

एकच मालिका घेऊन निकाल देणं बरोबर नाही, म्हणून सरासरीचा हिशोबही सांगतो. नापास प्रमाण शंभरात ९ वर जाऊन तिथेच राहिलं, तर मर्यादेला ते कळायला सरासरी ७ आठवडे लागतात आणि बेरजेला ४. प्रमाण शंभरात ८ वरच थांबलं, तर मर्यादेला सुमारे २० आठवडे लागतात आणि बेरजेला ८. खोटे इशारे दोन्हीकडे क्वचित येतात, काही वर्षांतून एखादा. घसरण जितकी हळू, तितका दोघींमधला फरक वाढत जातो, आणि आपल्याला भीती हळू घसरणीचीच आहे.

यावर पुष्कळजण एक उपाय काढतात: मर्यादाच खाली आणू, १९ ला इशारा देऊ. तसं केलं तर बॉट ठणठणीत असतानाही वर्षातून एक-दोनदा इशारा वाजेल. दोनदा फुकट धावलेला माणूस तिसऱ्यांदा धावत नाही.

बेरजेच्या पद्धतीची खरी उणीव वेगळीच आहे. इशारा वाजल्यावर लोक विचारतात, "या आठवड्यात काय झालं?" आणि त्याला उत्तर नसतं, कारण या आठवड्यात काहीच झालेलं नसतं. खातं शून्यावरून वर निघालं ती जागा मागे जाऊन शोधावी लागते. आपल्या उदाहरणात ती पाचव्या आठवड्याची आहे. त्या सुमाराला सूचनांत, पत्रकांत किंवा मॉडेलमध्ये काय बदललं, हे नोंदवहीत सापडायला हवं. बदलांची तारीखवार नोंद तुमच्याकडे ठेवली जात नसेल, तर बेरजेचा अर्धा फायदा वाया जातो.

दोन्ही पद्धतींना सारखाच बुडवणारा एक सापळा आहे, आणि तो मला सगळ्यांत घातक वाटतो. तुलनेचा पाया, म्हणजे इथला १२, गोठवून ठेवावा लागतो. पुष्कळ तयार डॅशबोर्ड हा आठवडा मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहतात. बॉट हळू घसरत असेल तर ती सरासरीही त्याच्याबरोबर घसरत जाते, आणि दर आठवडा "नेहमीसारखाच" दिसतो. तुम्ही घेत असलेल्या साधनात पाया कायम ठेवण्याची सोय नसेल, तर बाकीचं काहीही न पाहता ते बाजूला ठेवा.

इशारा आला म्हणजे बॉटच बिघडला, असंही नाही. आधी प्रश्नांची जात तपासा. आपल्या बॉटचे साधे प्रश्न शंभरात ४ वेळा चुकतात आणि अवघड प्रश्न २४ वेळा. एरवी अवघड प्रश्न दहा टक्के असतात, म्हणून एकूण नापास ६ येतात. उन्हाळ्यात पाणी कमी, तक्रारी जास्त. अवघड प्रश्न पंचवीस टक्क्यांवर गेले की एकूण नापास थेट ९ होतात. बॉट तसूभरही बदललेला नाही! म्हणून साध्या आणि अवघड प्रश्नांची दोन वेगळी खाती ठेवावीत, आणि २०० पैकी निदान ८० संभाषणं अवघड प्रश्नांची काढावीत. निव्वळ सोडतीने ती जेमतेम २० येतात, आणि घसरण बहुधा तिथूनच सुरू होते. अशी विभागणी केली की प्रत्येक खात्याचा पाया आणि मधला आकडा अर्थातच नव्याने काढावा लागतो.

मग फूटपट्टी तपासा. तीच दोन माणसं सहा महिने संभाषणं वाचत असतील, तर त्यांची नजर कडक होते किंवा मऊ पडते. तपासणीचं काम दुसऱ्या मॉडेलकडे दिलं असेल तर तेही गुपचूप बदलू शकतं. यावर उपाय असा, की दोघांनी मिळून निकाल पक्का केलेली वीसेक जुनी संभाषणं दर आठवड्याच्या गठ्ठ्यात न सांगता मिसळायची. त्यांत किंमती किंवा योजनांचा उल्लेख नको, नाहीतर जुनेपणा लगेच ओळखू येतो. चार आठवड्यांची मिळून ८० झाली की पाहायचं. पूर्वी पास ठरलेली संभाषणं आता नापास होऊ लागली असतील, तर बॉट जागेवर आहे आणि पट्टी सरकली आहे.

खर्च दोन्ही पद्धतींचा एकच, कारण कष्ट वाचनाचे आहेत. एका संभाषणाला ४ मिनिटं धरली तर २०० संभाषणांना सव्वातेरा तासांच्या वर जातात. एवढी माणसं नसतील आणि आठवड्याला ५० च वाचता येत असतील, तर मर्यादेच्या पद्धतीत रेघ ८ च्या किंचित वर येते, म्हणजे इशारा ९ ला. पन्नासात ९ म्हणजे शंभरात १८. नापास प्रमाण तिप्पट होईपर्यंत वाट पाहणाऱ्या या इशाऱ्याचा हळू घसरणीसाठी काही उपयोग नाही. तेव्हा कमी वाचन असेल तर बेरीजच घ्या.

माझा कल स्पष्ट आहे. एकच पद्धत घ्यायची असेल तर बेरीज घ्यावी. दोन्ही घेता येत असतील तर घ्याव्यात, कारण त्याच २०० संभाषणांवर दुसरा रकाना वाढवायला काही खर्च येत नाही: कोसळण्यासाठी मर्यादा, झिजण्यासाठी बेरीज. फक्त मर्यादेवर भागेल अशी एकच परिस्थिती मला दिसते. बॉट नवा आहे, दर दोन आठवड्यांनी त्यात मोठे बदल होतात आणि सहा ही "चांगली" पातळी अजून ठरलेलीच नाही. गोठवायला पायाच नसेल तर बेरीज कशाची करणार? अशा वेळी आधी आठ-दहा आठवडे नुसतं वाचावं, पाया ठरवावा आणि मग खातं उघडावं.

दुरुस्ती केल्यावर खातं शून्यावर आणायचं, पण पाया जुनाच ठेवायचा. आपल्या उदाहरणात "आधी लॅटरलची लांबी विचार" ही ओळ सूचनांच्या वरच्या भागात आणली, तर पुढचे चार आठवडे अवघड प्रश्नांचं खातं शून्याजवळ राहतंय का ते पाहायचं. ते पुन्हा चढू लागलं, तर दुखणं दुसरीकडे आहे, आणि इशारा वाजेपर्यंतच्या शेवटच्या तीन आठवड्यांतली ५४ नापास संभाषणं पुन्हा काढून कारणांनुसार गठ्ठे करायला बसायचं.