नव्या साइटचा ऑर्डर डॅशबोर्ड स्टाफला शिकवायचा: एकाच दुपारी की पाच दिवस थोडं थोडं?

नागपूरच्या इतवारीतलं मिठाईचं दुकान धरा. संत्रा बर्फी, चिवडा, दिवाळीत फराळाचे डबे. साइट वूकॉमर्सवर बनली, पैसे रेझरपेवरून येतात, काही ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरी. डॅशबोर्ड सहा जण हाताळणार: काउंटरवरचे दोघं, पॅकिंगचे तिघं आणि हिशेब बघणारे काका. साइट बनवणारा म्हणतो, "एका दुपारी येतो, चार तासांत सगळं दाखवून देतो." दुसरा मार्ग असा की साइटची सरावाची प्रत करायची आणि पाच दिवस रोज पाऊण तास हातानं काम करून घ्यायचं.

आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण मालकाचा पहिला आक्षेप तोच असतो. सहा जण गुणिले चार तास म्हणजे 24 तास. सहा जण गुणिले पाऊण तास गुणिले पाच दिवस म्हणजे साडेबावीस. स्टाफचा वेळ जवळपास सारखाच जातो. फरक दुसरीकडे आहे. एका दुपारसाठी सहाही जण एकत्र लागतात, म्हणजे काउंटर बंद ठेवावं लागतं. पाऊण तासाला तिघांच्या दोन तुकड्या करता येतात, एक दुपारी तीनला आणि दुसरी चारला. मात्र शिकवणाऱ्याला रोज यावं लागतं आणि सरावाची साइट आधी तयार ठेवावी लागते. माहीतगार माणसाला त्या तयारीला साधारण अर्धा दिवस पुरतो.

एका दुपारी काय जमतं

यादी कशी उघडायची, ऑर्डर कशी शोधायची, पत्ता कुठे दिसतो, एवढं एका दुपारी नीट जमतं. जमत नाही ते स्थिती बदलणं आणि पैसे परत करणं. याचं कारण स्क्रीनवरचे शब्द. `Processing` वाचून पॅकिंगवाल्याला वाटतं की कुणीतरी हे काम हाती घेतलंय, आपण पुढची ऑर्डर बघू. तिघांनाही तसंच वाटतं आणि डबा तसाच पडून राहतो. खरा अर्थ असा: पैसे आले (किंवा ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीची आहे), आता पॅक करा. `On hold` म्हणजे पैशाची वाट बघतोय, पण माल अडवून ठेवलाय. बँक ट्रान्सफरच्या ऑर्डरी इथे येतात. `Pending payment` म्हणजे गिऱ्हाईक पैसे भरण्याच्या पानावर आहे किंवा तिथून निघून गेलंय. त्या ऑर्डरीला हात लावायचा नाही, साठाही कमी झालेला नसतो. हे चौथ्या तासाला ऐकलेलं सोमवारपर्यंत टिकत नाही.

तरी एक दुपार पुरेशी ठरेल अशी दुकानंही आहेत. ऑर्डरी दिवसाला आठ-दहाच्या आत, डॅशबोर्ड बघणारा एकच माणूस, पैसे परत करायचं काम फक्त मालकाकडे, असं असेल तर पाच दिवसांचा घाट घालू नका. `Processing` म्हणजे काय ते कागदावर लिहून काउंटरला चिकटवा, काम होतं.

पाच दिवसांच्या मार्गाला काय लागतं

सरावाची साइट खऱ्या साइटची नक्कल असते, म्हणून तिच्यात खऱ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आणि त्यांचे ईमेल पत्तेही येतात. पहिली चूक इथेच होते. पोरगं सरावात स्थिती बदलतं आणि पुण्यातल्या बाईंना "तुमची ऑर्डर पूर्ण झाली" असा ईमेल जातो. म्हणून नकलेत बाहेर जाणारे ईमेल बंद करा, जुन्या ऑर्डरी काढून टाका आणि रेझरपेची चाचणीची किल्ली टाका, जी `rzp_test_` नं सुरू होते. मग यूपीआयच्या रकान्यात `success@razorpay` लिहिलं की पैसे आल्याचं नाटक होतं, `failure@razorpay` लिहिलं की फसल्याचं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. दोन्ही साइटी दिसायला हुबेहूब, त्यामुळे घाईत सराव खऱ्या साइटवर होतो. सरावाच्या साइटवर प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन रंगसंगती `Sunrise` करून द्या. पट्टी लालसर होते आणि कोपऱ्यातून पाहिलं तरी कळतं. संत्र्याच्या गावाला तो रंग शोभतोही.

लॉगिन प्रत्येकाला वेगळं द्या, भूमिका `Shop manager`. एकच लॉगिन सहा जणांत फिरलं तर ऑर्डरच्या नोंदीत कुणी काय केलं ते कधीच कळत नाही.

सरावाची कामं

पहिल्या दिवशी काहीच बदलायचं नाही. वेगवेगळ्या स्थितीतल्या दहा ऑर्डरी तयार ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यातल्या आज कोणत्या पॅक करायच्या? दहाही बरोबर सांगितल्याशिवाय दुसरा दिवस नाही.

दुसरा दिवस साठ्याचा. बर्फीचा साठा 10 ठेवा, तीन डब्यांची ऑर्डर टाका, पैसे भरल्यावर साठा 7 झालेला दाखवा, ऑर्डर `Cancelled` करा, पुन्हा 10. मग विचारा, ऑर्डर सरळ कचऱ्यात टाकली तर? साठा परत वाढत नाही. नियम असा ठेवा: आधी रद्द, मग साठा तपासा, कचरा शेवटी.

तिसरा दिवस नोंदी आणि बदलांचा. ऑर्डरच्या उजव्या बाजूला नोंद लिहायची चौकट असते, तिच्याखाली `Private note` आणि `Note to customer` असे दोन पर्याय. दुसरा निवडला की नोंद ईमेलनं गिऱ्हाइकाकडे जाते. "हा माणूस फार कटकट करतो" हे चुकीच्या पर्यायातून गेलं की परत बोलावता येत नाही. त्याच दिवशी पॅकिंगला निघालेल्या ऑर्डरीत एक डबा वाढवून दाखवा. `Processing` मध्ये वस्तू बदलता येत नाहीत, खाली `This order is no longer editable.` असं येतं. तिला `On hold` करायचं, डबा वाढवायचा, जास्तीचे पैसे वेगळे घ्यायचे, मग पुन्हा `Processing`. या परतीच्या पावलावर "ऑर्डर मिळाली" हा ईमेल गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा जातो. ते फोन करून विचारणार, म्हणून आधीच सांगून ठेवा. आणि `Pending payment` मध्ये नेऊ नका, तिथे अडवलेला साठा मोकळा होतो.

चौथा दिवस पूर्णपणे पैसे परत करण्याला द्या. एक ऑर्डर घ्या: बर्फीचे तीन डबे, प्रत्येकी 320 रुपये, पोहोचवण्याचे 80, एकूण 1,040. पैसे आले, पण एक डबा पॅकिंगमध्ये दबला आणि दुसरा शिल्लक नाही. गिऱ्हाईक दोन डब्यांवर तयार आहे, 320 परत हवेत.

ऑर्डर उघडून `Refund` दाबा. बर्फीच्या ओळीत संख्येखाली 1 लिहा, रक्कम 320 आपोआप येते. त्याच्या खाली `Restock refunded items` ला आधीच खूण असते. ती काढा, कारण दबलेला डबा पुन्हा विकायचा नाही. खूण राहिली तर साठ्यात नसलेला एक डबा दिसतो आणि दोन दिवसांनी तो कुणीतरी विकत घेतो. आता खाली दोन बटणं दिसतात: एकावर `Refund ₹320.00 via` आणि पुढे गेटवेचं, म्हणजे रेझरपेचं नाव, दुसऱ्यावर `Refund ₹320.00 manually`. दुसरं बटण फक्त वहीत लिहितं, पैसे हलत नाहीत. सहापैकी निदान एक जण तेच दाबतो, कारण "मॅन्युअली" म्हणजे "मी स्वतः करतोय" असा साधा अर्थ तो लावतो.

चूक झाली हे ओळखायचं कसं? ऑर्डरच्या नोंदींत `rfnd_` नं सुरू होणारा क्रमांक आला असेल तर पैसे निघाले. तो नसेल आणि ऑर्डरीत -320 दिसत असेल, तर फक्त वहीत लिहिलं गेलंय. परत केल्याच्या त्या ओळीच्या टोकाला फुली असते, ती दाबून नोंद काढायची आणि गेटवेच्या बटणानं पुन्हा करायचं. उलट दिशेला वाट नाही: गेटवेनं पाठवलेले पैसे डॅशबोर्डवरून मागे येत नाहीत. तसंच वरच्या यादीतून स्थिती `Refunded` केली म्हणून पैसे जात नाहीत, हेही हातानं करून दाखवा. तोंडी सांगितलेलं यात विसरलं जातं.

पाचवा दिवस गर्दीचा. चाळीस मिनिटं, बारा ऑर्डरी, मधे मधे फोन. त्यातला एक फोन हाच असू द्या: "भाऊ, माहे पैसे तर कटले न, ऑर्डर कुठं आहे?" वूकॉमर्समध्ये पैसे न भरलेली ऑर्डर ठरलेल्या मिनिटांनी आपोआप रद्द होते, मुळात ती मुदत 60 मिनिटं असते. यूपीआयचे पैसे उशिरा पोचले की डॅशबोर्डवर `Cancelled` आणि गिऱ्हाइकाच्या हातात व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट. स्टाफ लगेच स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून `Processing` करतो. बरोबर रीत अशी: रेझरपेच्या डॅशबोर्डवर तो व्यवहार शोधा. `Captured` असेल तर ऑर्डर `Processing` करा आणि व्यवहार क्रमांक खासगी नोंदीत लिहा. `Authorized` असेल तर पैसे अजून दुकानाचे झालेले नाहीत, मालकाला विचारा. `Failed` असेल तर पॅक करू नका. बँक पैसे कधी परत करेल याची तारीख मात्र स्टाफनं आपल्या मनानं देऊ नये.

| | एक दुपार | पाच दिवस |
|---|---|---|
| स्टाफचे तास (6 जण) | 24 | 22.5 |
| काउंटर | बंद ठेवावं लागतं | चालू राहतं |
| आधीची तयारी | जवळपास नाही | सरावाची साइट, अर्धा दिवस |
| पैसे परत करणं | बघून | हातानं, चुकून आणि सुधारून |

मधला मार्गही आहे: एका पोराला तयार करा, तो बाकीच्यांना शिकवेल. खर्च सगळ्यात कमी. पण त्याच्या चुकाही सहा जणांत वाटल्या जातात, आणि तो सुटीवर गेला की चौथ्या दिवसाची उत्तरं कुणाकडेच नसतात. हा मार्ग घ्यायचाच असेल तर चौथा दिवस तरी सगळ्यांनी साइट बनवणाऱ्यासमोर करावा.

निवड करताना आम्ही एकच गोष्ट विचारतो: पैसे परत करायचं बटण किती जणांच्या हातात जाणार? एकाच्या, तर एक दुपार. दोन किंवा जास्त, तर पाच दिवस. आणि तारीख ठरवताना दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सोडा. डिसेंबरात अधिवेशनाच्या गर्दीत बर्डीवरून इतवारीत वेळेवर पोचणंच कठीण, मग शिकवणारा रोज दुपारी तीनला हजर राहील ही आशाही सोडा.