लूपबॅक केबल लावून लेटन्सी मोजली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकला घरच्या खोलीत मी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. चार इन, चार आउटचा यूएसबी इंटरफेस, रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, आणि ढोलकी-पखवाजासाठी बाहेरचा एक अ‍ॅनालॉग कॉम्प्रेसर. ढोलकीचा ट्रॅक आउटपुट ३ मधून कॉम्प्रेसरला पाठवायचा, परत आलेला आवाज नव्या ट्रॅकवर घ्यायचा आणि मूळ ट्रॅकमध्ये थोडा मिसळायचा, ही माझी नेहमीची पद्धत. मिसळल्यावर ढोलकीचा भरीवपणाच नाहीसा व्हायचा. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर उत्तम वाटायचे, त्यामुळे दोष वेळेच्या फरकात असणार हे उघड होतं.

हा उशीर, म्हणजे लेटन्सी, मोजणं सोपं आहे. आउटपुट ३ मधून थेट इनपुट १ मध्ये टीआरएस केबल लावायची. इनपुट लाइनवर, गेन अगदी खाली, फँटम पॉवर बंद. रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंदच हवं, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी मारतो. आउटपुट १-२ मी टाळतो, कारण बऱ्याच इंटरफेसवर त्यांची पातळी पुढच्या नॉबवर चालते. इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लूपबॅक’ नावाचं चॅनेल असतं, ते इथे उपयोगाचं नाही. तो सिग्नल कन्व्हर्टरमधून जातच नाही, आणि आपल्याला तर कन्व्हर्टरचाही वेळ मोजायचा आहे.

एका ट्रॅकवर तीक्ष्ण क्लिक ठेवून ती आउटपुट ३ ला पाठवली आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. मग सॅम्पल दिसेपर्यंत झूम करून दोन्हींमधलं अंतर पाहिलं. इथे एक बारकावा आहे. परत आलेली क्लिक पहिल्यासारखी टोकदार दिसत नाही. कन्व्हर्टरच्या फिल्टरमुळे तिच्या आजूबाजूला लहान लाटा उठतात, कधी मुख्य टोकाच्या आधीही. म्हणून सुरुवात शोधत बसू नये, टोकापासून टोकापर्यंत मोजावं.

४८ किलोहर्ट्झ आणि १२८ च्या बफरवर माझी क्लिक ६७ सॅम्पल उशिरा पडली, म्हणजे सुमारे १.४ मिलिसेकंद. हा पूर्ण फेरीचा वेळ नव्हे. पूर्ण फेरी RTL Utility या मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये ६१४ सॅम्पल, म्हणजे १२.८ मिलिसेकंद आली. ड्रायव्हर रीपरला ५४७ सांगतो आणि रीपर तेवढं स्वतःच मागे सरकवतं. ड्रायव्हर जे सांगत नाही ते उरलेले ६७. ऑफसेट म्हणून फक्त हेच भरायचे. `Use audio driver reported latency` वर टिक असताना ६१४ भरले, तर रेकॉर्डिंग उलट ५४७ सॅम्पल लवकर पडेल.

आता ढोलकीचं कोडं सुटतं. तोच आवाज १.४ मिलिसेकंद उशिरा येऊन स्वतःत मिसळला की ३५८ हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा एकमेकींना खातात. तिथेच तर ढोलकीचं अंग असतं. नुसत्या ओव्हरडबमध्ये, म्हणजे पेटीवर नंतर टाळ घेताना, एवढा फरक कानाला कळलाही नसता.

रीपरमध्ये `Preferences > Audio > Recording` मध्ये `Input manual offset` च्या सॅम्पलच्या चौकटीत आकडा भरला आणि क्लिक पुन्हा रेकॉर्ड केली. ही दुसरी फेरी कधीच वगळू नये. अंतर शून्य झालं तर काम झालं, दुप्पट झालं तर चिन्ह उलटं करायचं. मग पातळी जुळवून एका ट्रॅकची फेज उलटी केली आणि दोन्ही एकत्र वाजवले: जवळजवळ शांतता. लॉजिकमध्ये हा आकडा `Recording Delay` मध्ये जातो, लाइव्हमध्ये `Driver Error Compensation` मध्ये, आणि लाइव्हमध्ये तो मिलिसेकंदात द्यावा लागतो.

आकडा भरून विसरण्याआधी ६४ आणि २५६ बफरवरही मोजून पाहा. माझ्याकडे तिन्हीकडे ६७ च आले, म्हणून एकच ऑफसेट सगळीकडे चालतो. बफरबरोबर फरक बदलत असेल तर ड्रायव्हर स्वतःच्या आतला जादा बफर लपवतो आहे असं समजावं. मग रेकॉर्डिंगसाठी एकच बफर ठरवून त्याचाच आकडा ठेवणं हा एकमेव मार्ग. सॅम्पल रेट बदलला की मात्र मोजणी पुन्हा करावीच लागते.

मधल्या काळात ड्रायव्हरचा अपडेट आला आणि तोच ऑफसेट असताना क्लिक लवकर पडू लागली. नव्या ड्रायव्हरने आपला आकडा बराच सुधारला होता, पण माझे ६७ वर तसेच होते. ते शून्य करून पुन्हा मोजले तेव्हा १९ उरले. आता अपडेटनंतर पहिलं काम म्हणून केबल लावतो, दोन मिनिटं पुरतात.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार मात्र या ऑफसेटने जात नाही. तो फक्त रेकॉर्ड झालेला ट्रॅक जागेवर बसवतो. ऐकण्यातला उशीर घालवायला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावं किंवा बफर कमी करावा.